काकांच्या दुकानातलं गॅरंटी कार्ड

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज झाली होती आणि इंदूरला परतायला दोन दिवस होते, म्हणून मी काकांच्या दुकानात जाऊन बसले. ग्वाल्हेरशी ज्यांचा संबंध आहे त्यांना लष्करातला सराफा माहीत असेलच. बाड्याकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सोन्याचांदीच्या पेढ्या लागतात. त्यांच्या मधूनच काकांच्या दुकानासारखी लहान दुकानंही आहेत, जिथे सोनं मिळत नाही, सोन्याचं पाणी चढवलेले दागिने मिळतात. लोक त्याला ‘एक ग्रॅम’ म्हणतात. लग्नसराईत तिथे उभं राहायला जागा नसते.

दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. डबऱ्याहून बसनं आल्या होत्या, म्हणजे चाळीस-बेचाळीस किलोमीटर. पदराच्या गाठीतून त्यांनी एक मंगळसूत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. सुनेचं होतं. दोन वाट्यांपैकी एका वाटीवरचा सोनेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता आणि खालून लालसर तांबं दिसत होतं. त्यासोबत त्यांनी काकांच्या दुकानाचं गॅरंटी कार्डही नीट जपून आणलं होतं.

काकांनी विचारलं, “कब लिया था?”

“अक्षय तृतीया पे लिया था भैया, शादी मई में हुई.”

काकांनी बोटांवर महिने मोजले. अक्षय तृतीयेपासून मोजलं तर सहा महिने जेमतेम संपत होते आणि लग्नापासून मोजलं तर बाकी होते. कार्डावर तारीख असेल म्हणून त्यांनी ते उलटं केलं. तारखेच्या जागी निळी शाई पसरलेला एक डाग होता. बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांपूर्वीही येऊन गेले, दुकान बंद होतं. कार्डावरच्या नंबरावर फोन केला तर लागलाच नाही. तो नंबर दुकानाच्या जुन्या लँडलाइनचा होता. ती लाइन काढून टाकली त्याला चार वर्षं झाली होती.

काका वाईट नाहीत. त्यांनी मंगळसूत्र ठेवून घेतलं आणि म्हणाले, “करवा देंगे अम्मा, आप की बात है.” बाई हात जोडून निघून गेल्या. मला मात्र ते हात जोडणं टोचत राहिलं. त्यांनी पैसे देऊन दागिना घेतला होता, सोबत एक कार्ड मिळालं होतं, त्यावर गॅरंटी लिहिली होती. मग हात का जोडायचे?

मी इंदूरला औषधांच्या खोक्यांवरचा आणि आतल्या कागदावरचा मजकूर मांडायचं काम करते. अक्षर केवढं, ओळ कुठे तोडायची, माणसाची नजर आधी कुठे जाते, हे रोजचंच. तरी गेली कित्येक वर्षं काकांच्या दुकानात येऊन जाऊन मी ते कार्ड एकदाही वाचलेलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

जुनं कार्ड

व्हिजिटिंग कार्डाएवढं, गुळगुळीत लॅमिनेशन केलेलं. समोर मरून रंगावर सोनेरी गणपती आणि दुकानाचं नाव. मागे त्याच मरून रंगावर सोनेरी शाईत बारीक नऊ अटी. अक्षर पाच पॉइंटचं होतं. रोमन लिपीत पाच पॉइंट निदान तरुण डोळ्यांना वाचता येतात, देवनागरीत तेही होत नाही. आपल्या लिपीत त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार बसवावे लागतात. त्यामुळे मधलं मुख्य अक्षर आणखी लहान होतं. शिवाय सोनेरी शाई चमकते. दिव्याखाली कार्ड तिरपं धरलं की निम्म्या ओळी गायब.

अटी हिंदीत होत्या. गॅरंटी फक्त रंगाची. पाणी, घाम, अत्तर, साबण आणि केमिकलनं खराब झाल्यास गॅरंटी नाही. तुटफुटीची गॅरंटी नाही. बिल आणि कार्डाशिवाय गॅरंटी नाही. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानाचा निर्णय अंतिम राहील. आणि शेवटी, ‘शर्तें लागू’.

संध्याकाळी जेवताना मी काकांना म्हटलं, “काका, मंगळसूत्र गळ्यात घालायचं, तर घाम येणारच ना? मग घाम लागला तर गॅरंटी नाही याचा अर्थ काय?”

काका म्हणाले, “अगं, तसं कुणाला परत पाठवतो का आपण? ते आपलं लिहायचं म्हणून. सगळेच लिहितात. मी पण समोरच्या दुकानातलं बघूनच छापलं होतं.”

“मग परत कुणाला पाठवता?”

त्यावर काकूंनी आतून दुरुस्तीची वही आणून दिली. काका त्या वहीत दुरुस्तीला आलेला प्रत्येक नग लिहितात: काय बिघडलं, कारागिराकडे कधी दिलं, परत कधी आलं. आम्ही शेवटची तीस नावं काढली. सव्वीस जणांचं काम फुकट करून दिलेलं होतं. दोघांकडून थोडे पैसे घेतले होते आणि फक्त दोघांना नाही म्हटलं होतं. एकाचा दागिना दुसऱ्याच दुकानातला होता. दुसऱ्यानं साखळी घरीच झाळून आणली होती आणि ती काळी पडली होती.

म्हणजे कार्ड जवळजवळ सगळ्यांना नाही म्हणत होतं आणि काका जवळजवळ सगळ्यांना हो म्हणत होते. गॅरंटी कार्डावर नव्हतीच, ती काकांच्या स्वभावात होती. म्हणूनच ती बाई हात जोडत होती. आपल्याला मिळालं ते हक्काचं आहे हे तिला कळायला काही वावच नव्हता. उद्या काउंटरवर काकांऐवजी दुकानातला पोरगा बसला आणि त्यानं कार्डावरचं वाचून दाखवलं, तर तीच बाई रिकाम्या हातानं परत गेली असती.

मी ठरवून आले होते की अक्षर मोठं करायचं, रंग बदलायचा आणि मोकळं व्हायचं. वही बघितल्यावर लक्षात आलं की काका नेमकं काय वचन देतात ते आधी ठरायला हवं.

काय दुरुस्त करायचं, काय नाही

हे ठरवायला दोन संध्याकाळी गेल्या. काका दागिने समोर ठेवून एकेक बिघाड दाखवत होते आणि मी शिकत होते. ते तुम्हालाही सांगते, घरात असा एखादा दागिना असतोच.

सोन्याचं पाणी म्हणजे पितळेच्या किंवा तांब्याच्या दागिन्यावर विजेच्या साहाय्यानं बसवलेला सोन्याचा फार पातळ थर. हा थर दोन तऱ्हांनी जातो. एक म्हणजे झिजून. रोज घासला जातो तिथे, म्हणजे कडांवर, वाटीच्या पाठीवर, कानातल्याच्या दांडीवर, हळूहळू खालचा धातू दिसू लागतो. हे वापरल्यामुळे होतं आणि कधीतरी होणारच. दुसरी तऱ्हा म्हणजे थर सोलून येणं. फुगे येतात, पापुद्रा सुटतो, तोही ज्या जागी घासलं जात नाही अशा जागी. हे बहुतेक वेळा मुलामा चढवण्याआधी धातूवरचं तेल, मेण किंवा मळ नीट साफ न केल्यामुळे होतं. तो दोष गिऱ्हाइकाचा नसतो. डबऱ्याच्या बाईंची वाटी या दुसऱ्या प्रकारातली होती. म्हणजे अक्षय तृतीया की लग्न हा हिशेब करायचीही गरज नव्हती. तो माल सुरुवातीपासूनच कच्चा होता.

तुटलेल्या साखळीतही असाच फरक दिसतो. कडी लांबट झाली असेल, ओढून वाकलेली असेल, तर साखळी कुठेतरी अडकून ताणली गेली आहे. कडीचा आकार गोलच राहिलेला आणि जोड तेवढा उघडलेला असेल, तर जोडच कच्चा होता. काका हे भिंगातून क्षणात ओळखतात, पण एकदा दाखवल्यावर मलाही नुसत्या डोळ्यांनी कळायला लागलं.

मग अत्तराचा प्रश्न आला. अत्तर, स्प्रे, ब्लीच यांनी मुलाम्याची चमक जाते, डाग पडतात, हे खरं. काकांना ते अटींमध्ये ठेवायचं होतं. मी विचारलं, “समोर दागिना आला की हा डाग अत्तराचा की घामाचा, हे तुम्ही छातीठोक सांगू शकता का?” काका थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “नाही. अंदाज बांधता येतो, पण गिऱ्हाईक म्हणालं मी लावलंच नाही, तर पुढे काही बोलता येत नाही.”

तिथे आम्ही एक नियम केला. काउंटरवर दोघांनाही डोळ्यांनी दिसेल तेवढंच नकाराच्या यादीत लिहायचं. जे सिद्ध करता येत नाही, त्यानं फक्त भांडण होतं. अत्तर, साबण आणि पाणी अटींमधून निघाले आणि ‘दागिना टिकवायचा असेल तर’ या सल्ल्यात गेले. नऊ अटींच्या तीन झाल्या: ओढून तुटलेलं, दुसरीकडे पॉलिश किंवा झाळकाम केलेलं, आणि हरवलेला खडा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ मी काढायला सांगितली तेव्हा काका बिथरले. बाजारात प्रत्येक बिलावर ती असते म्हणाले. असते, पण सदोष मालाच्या बाबतीत तिला अर्थ नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर तीस दिवसांत. मन बदललं म्हणून कुणी दागिना परत आणला तर तो घ्यायचा की नाही, हे दुकानदारानं ठरवावं. सदोष निघाला तर मात्र ती छापील ओळ ढाल होत नाही. काकांनी ओळ काढली, पण ‘बदलायचा असेल तर सात दिवसांत, न वापरलेला’ असं स्वतःहून घातलं. ते त्यांचं आधीपासूनचं वागणं होतं, कुठे लिहिलेलं मात्र नव्हतं.

एक गोष्ट काकूंनी सुचवली. सराफ्यात शेजारी खऱ्या सोन्याच्या पेढ्या आहेत आणि ‘एक ग्रॅम’ या नावानं लोकांची फसगत होते. काहींना वाटतं की प्रत्येक नगात एक ग्रॅम सोनं असतं. तसं नसतं. खऱ्या सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचा हॉलमार्क, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांची विक्री त्या क्रमांकासहच करायची आहे. आपल्या दागिन्यावर यातलं काही नसतं, मग कार्डावर ते स्वच्छ लिहावं, असं काकूंचं म्हणणं. काकांना भीती होती की विक्री कमी होईल. काकू म्हणाल्या, “जे गिऱ्हाईक हे वाचून निघून जाईल ते उद्या मोडीला घेऊन येऊन आपल्याला चोर म्हणणार होतं.” ओळ राहिली.

मांडणी

वचन ठरल्यावर मांडणीला वेळ लागला नाही. कार्ड हातात घेणाऱ्या माणसाचा दागिना बिघडलेला असतो आणि तो वैतागलेला असतो. तो चार गोष्टी याच क्रमानं विचारतो: मुदत आहे का? माझं बिघडलंय ते यात येतं का? आता काय करू? कुणाला विचारू? जुनं कार्ड गणपती आणि दुकानाच्या नावानं सुरू होत होतं. नवं कार्ड मुदतीनं सुरू केलं.

आकार दुप्पट करून मधोमध घडी घातली. म्हणजे मिटल्यावर ते पूर्वीएवढंच राहतं, दागिन्याच्या डबीत बसतं आणि चार बाजू मिळतात. पांढरट कागदावर काळी शाई. मजकूर नऊ पॉइंट, दोन ओळींत मात्रांना पुरेल एवढं अंतर आणि फोन नंबर चौदा पॉइंट. मरून रंग फक्त शीर्षकांच्या पट्टीला. गणपती बाहेरच्या पानावर लहान करून ठेवला. तो काढायची सूचना मी केलीच नाही, तेवढी अक्कल आहे.

पहिला मसुदा घरातल्यांना दाखवला तेव्हा सगळ्यांनी छान म्हटलं. घरातल्यांचं छान काही कामाचं नसतं. म्हणून मी शेजारच्या दुकानांतले दोन नोकर, भाजीवाली, काकूंच्या भिशीतल्या दोघी आणि समोरचे ऐंशी वर्षांचे आजोबा यांना कार्ड दिलं आणि एकच प्रश्न विचारला: “तीन महिन्यांनी कानातल्याचा रंग गेला, तर तुम्ही काय कराल?” मोबाईलवर वेळ लावली. जुन्या कार्डावर भिशीतल्या एकीला दीड मिनिट लागलं आणि उत्तर आलं, “काही मिळणार नाही असं दिसतंय.” नव्यावर बहुतेकांना दहा-पंधरा सेकंदांत बरोबर उत्तर सापडलं.

पण दोन चुका उघड झाल्या. ‘६ महीने की गारंटी’ या ओळीवर तिघांनी विचारलं, कधीपासून? घेतल्यापासून की घातल्यापासून? डबऱ्याच्या बाईंचाच घोळ. मी ‘खरेदीच्या तारखेपासून’ असं लिहून बघितलं, तर मग लोक बोटांवर महिने मोजायला लागले. शेवटी खरेदीची तारीख आणि महिने दोन्ही काढून एकच रिकामी जागा ठेवली: ‘इस तारीख तक’. हिशेब दुकानानं विकतानाच करायचा आणि शेवटची तारीख लिहून द्यायची. या एका बदलाचा उपयोग बाकी सगळ्यांपेक्षा जास्त झाला.

दुसरी चूक ‘एक बार’ या शब्दांची. दुरुस्ती एकदा मोफत, असं काकांना म्हणायचं होतं. भाजीवालीला वाटलं की एकदा एकच नग आणता येतो. तिथे ‘पहली बार मुफ़्त, दूसरी बार पॉलिश का खर्च आपका’ असं लिहिलं. ओळ लांब झाली, पण कुणी अडखळलं नाही.

कागदाबद्दलही एक शिकले. जुन्या कार्डावरची तारीख पुसली कारण लॅमिनेशनवर बॉलपेनची शाई मुरत नाही, बोटानं पसरते. नव्या कार्डाची बाहेरची बाजू चकचकीत आहे, आतली साधी. लिहायचं ते सगळं आत. बिलाचं तर आणखी वाईट. काकांचं बिल आता छोट्या मशीनमधून निघतं. तो कागद उष्णतेनं काळा होणारा असतो. काही महिन्यांत, विशेषतः पर्समध्ये किंवा उन्हात राहिला तर, त्यावरची अक्षरं विरून जातात. अशा बिलाची अट घालणं म्हणजे सहा महिन्यांच्या गॅरंटीला तीन महिन्यांचा पुरावा मागणं. म्हणून बिलाची अट गेली. कार्डही हरवलं तरी विक्रीच्या वेळी वहीत लिहिलेल्या मोबाईल नंबरावरून नोंद शोधायची, असं ठरलं.

कार्ड हिंदीत आहे, कारण गिऱ्हाईक हिंदी बोलणारं आहे. आतला मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

गॅरंटी या तारखेपर्यंत: ____ / ____ / ____
हा दागिना सोन्याचा नाही. धातूवर सोन्याचा मुलामा आहे.

आम्ही दुरुस्त करून देऊ
• मुलाम्याचा पापुद्रा सुटला, फुगा आला
• रंग गेला किंवा काळा पडला
• जोड उघडला
पहिल्यांदा मोफत. दुसऱ्यांदा पॉलिशचा खर्च तुमचा.

हे गॅरंटीत नाही
• ओढून तुटलेलं (कडी लांबट झालेली)
• दुसरीकडे पॉलिश किंवा झाळकाम केलेलं
• हरवलेला खडा

काय करायचं
१. दागिन्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.
२. दागिना आणि कार्ड घेऊन या. कार्ड नसेल तर मोबाईल नंबर सांगा.
३. पावती घ्या. दहा दिवसांत दागिना परत मिळेल.

त्याखाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर, दुकानाची वेळ आणि ‘बंद’ असण्याचा वार. मागच्या पानावर पत्ता, सात दिवसांत बदलून मिळण्याची ओळ आणि दागिना टिकवायचे तीन सल्ले: अत्तर आधी लावा आणि दागिना नंतर घाला, अंघोळीला काढून ठेवा, पुसून कोरड्या डबीत ठेवा.

दहा दिवसांवरून काकांशी वाद झाला. त्यांना ‘दोन दिवसांत’ लिहायचं होतं, तेवढंच चांगलं दिसतं म्हणाले. वही पुन्हा उघडली. कारागीर आठवड्यातून एकदाच सगळे नग एकत्र घेऊन मुलामा चढवतो, त्यामुळे सगळ्यात लवकरचं काम पाच दिवसांत आणि उशिराचं नऊ दिवसांत परत आलं होतं. दहा लिहिलं. सहाव्या दिवशी मिळालं तर माणूस खूश होतो आणि दोन सांगून सहाव्या दिवशी मिळालं तर तोच माणूस भांडतो.

फोटो आधी पाठवायची पायरी डबऱ्याच्या बाईंमुळे आली. फोटोत पापुद्रा किंवा लांबट कडी बहुतेक वेळा दिसते. काम होणार की नाही ते बसचं भाडं घालवायच्या आधी कळतं.

एका ठिकाणी मी हरले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक कार्डावर छापावा असं माझं म्हणणं होतं. काका म्हणाले, “आपल्याच कार्डावर आपल्याच विरुद्ध तक्रारीचा नंबर? माझ्या तेराव्याला छाप.” छापला नाही. तुम्ही मात्र लक्षात ठेवा.

हे सगळं मी माझ्या मावसभावाला सांगितलं. तो अमेरिकेत असतो. तो म्हणाला, आमच्याकडे याचा कायदाच आहे. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आणि त्याखालचे नियम असे, की पंधरा डॉलरहून महाग वस्तूला लेखी वॉरंटी द्यायची असेल तर काय येतं, काय येत नाही, किती दिवस, दुकान किंवा कंपनी काय करेल आणि ग्राहकानं पायरीपायरीनं काय करायचं, हे सोप्या भाषेत एकाच कागदावर लिहावं लागतं. मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपण अमेरिकेसारखं केलं.” मी म्हटलं, “नाही काका, तुमच्या वहीसारखं केलं.”

पुढे काय झालं

कार्डं फेब्रुवारीत छापून आली. होळीला गेले तेव्हा विचारलं, कसं चाललंय? काका म्हणाले, लोक वाद घालत नाहीत आता. एक जण ओढून तुटलेली साखळी घेऊन आवाज चढवत आला होता. काकांनी काही न बोलता कार्ड उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कडी दाखवली. त्यानं स्वतःच विचारलं, “कितने लगेंगे?” नाही म्हणणंही सोपं झालं होतं.

मोफत कामं वाढतील ही काकांची भीती होती. थोडी वाढलीही. पण वहीत एक नवीन गोष्ट दिसायला लागली. पापुद्रा सुटलेले नग बहुतेक एकाच कारागिराकडचे होते. पूर्वी सगळं ‘रंग गेला’ एवढंच लिहिलं जायचं. आता कार्डावरच वेगवेगळे बिघाड लिहिले असल्यामुळे वहीतही वेगवेगळे लिहिले जातात. काकांनी त्या कारागिराला सहा वाट्या नेऊन दाखवल्या. त्यानं धुण्याची टाकी बदलली.

एक अडचण सुटलेली नाही. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी अक्षर नऊ पॉइंटचं काय आणि पाचचं काय. मी चित्रं काढून बघितली, पण सुटलेला पापुद्रा आणि झिजलेली कड एवढ्या लहान चित्रात सारखीच दिसते. म्हणून काकांनी दुकानातल्या पोराला सवय लावली आहे: दागिना डबीत ठेवायच्या आधी कार्ड उघडायचं, तारीख लिहायची आणि चार शीर्षकं वाचून दाखवायची. अर्धं मिनिट लागतं. जुनं कार्ड असं वाचून दाखवता आलंच नसतं. प्रत्येक ओळीला गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं असतं.

डबऱ्याच्या बाईंचं मंगळसूत्र तेव्हाच नऊ दिवसांत झालं होतं. न्यायला त्यांचा मुलगा आला होता. होळीनंतर त्या स्वतः नातीच्या बारशासाठी काहीतरी घ्यायला आल्या, असं काकूंनी फोनवर सांगितलं. पोरानं कार्ड वाचून दाखवलं. बाईंनी ते हातात घेतलं, तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “इस तारीख तक?”

“हाँ अम्मा, इस तारीख तक.”

त्यांनी कार्ड मिटलं, पदराला गाठ मारली आणि हात न जोडता निघाल्या.